साडेअकराची तलफ

“ताई, माझं वय २९. सात वर्षांचं नातं १९ दिवसांपूर्वी संपलं. त्यानेच संपवलं, झेड ब्रिजवर उभं राहून, अगदी शांतपणे. भांडण नाही, तिसरं कुणी नाही. ‘मला लग्नापर्यंत जाता येत नाहीये’ एवढंच म्हणाला. दिवसा हिंजवडीला ऑफिसात मी बरी असते. रात्री साडेअकरा वाजले की फोन हातात येतो. आत्तापर्यंत चार वेळा मेसेज केलाय. एकदा त्याचं हेल्मेट माझ्याकडे राहिलंय म्हणून, एकदा त्याच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी म्हणून, दोनदा असंच. दोनदा उत्तर आलं, दोनदा नुसत्या निळ्या टिक. पुढच्या गुरुवारी त्याचा वाढदिवस आहे. मैत्रिणी म्हणतात, ब्लॉक कर आणि जरा स्वाभिमान ठेव. ब्लॉक माझ्याच्याने होत नाही. एकच शेवटचा, नीट, मन मोकळं करणारा मेसेज पाठवू का?
— साडेअकरावाली, कर्वेनगर”

नको पाठवूस.

स्वाभिमानाचा मुद्दा मी बाजूला ठेवते. सात वर्षं ज्याच्याशी रोज बोललीस त्याला चार मेसेज केले म्हणून कुणाचा स्वाभिमान वाहून जात नाही. माझं लक्ष गेलं ते तुझ्या हिशेबाकडे. मेसेज चार, उत्तरं दोन. चारही वेळा काहीच आलं नसतं, तर एव्हाना हात आपोआप आखडला असता. चारही वेळा तो भरभरून बोलला असता, तर निदान तुमचं काय चाललंय ते तरी कळलं असतं. कधी येतं आणि कधी येत नाही, हा प्रकार सगळ्यांत वाईट.

बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा पडतो, अशी पेटी. प्रत्येक टोचणीला दाणा मिळायची सवय असलेलं कबुतर दाणा बंद झाल्यावर लवकर कंटाळतं. पण ज्याला कधी तिसऱ्या टोचणीला, कधी पंचविसाव्या टोचणीला दाणा मिळत आलाय, ते दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. पुढची टोचणी दाण्याची असेलही, कुणी सांगावं! लॉटरीच्या दुकानासमोर रोज उभा राहणारा माणूस याच हिशेबावर उभा असतो. तुझा हा मित्र वाईट नसावा. ‘ठीक आहेस ना?’ असं काहीतरी त्याने मायेनेच लिहिलं असणार. पण त्याच्या मायेच्या दोन ओळींनी तुझी साडेअकराची सवय पक्की केली, हेही खरंच.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून ठेवते. तू मेसेज थांबवलास की ओढ लगेच कमी होणार नाही. आधी ती वाढेल. दुकानात गोळीसाठी रडणारं मूल बघ. रोज जेवढ्या रडण्याला गोळी मिळायची तेवढ्याला आज मिळाली नाही, की ते गप्प बसत नाही, आवाज चढवतं. आईने त्या चढलेल्या आवाजाला गोळी दिली, की उद्यापासून रडण्याची सुरुवातच त्या पट्टीत होते. थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री अशाच असतात, आणि नेमक्या तेव्हाच माणसं म्हणतात, ‘इतकं आतून येतंय म्हणजे हे खरं प्रेम आहे, बोलायलाच हवं.’ प्रेम खरं होतं की नव्हतं, हा प्रश्न वेगळा. त्या रात्रीच्या जोराचा अर्थ एवढाच, की सवयीला आज तिचा दाणा मिळालेला नाही.

‘प्रेम म्हणजे नशा’ हे वाक्य मला कधी आवडलं नाही, रिक्षाच्या मागे लिहायला ठीक आहे. पण व्यसनमुक्तीच्या कामातून आलेला एक शब्द मी उसना घेते: तलफ. आपल्या पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, त्यामुळे हा शब्द इथे बऱ्याच घरांत ओळखीचा आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतंच नातं तुटलेल्या, पण मन अजून तिथेच अडकलेल्या १५ जणांना मेंदूच्या स्कॅनखाली त्या माणसाचा फोटो दाखवला. मेंदूचे जे भाग सरसावले, त्यांत कोकेनच्या तलफेशी ज्यांचा संबंध लावला जातो तेही होते. १५ माणसं म्हणजे फार नव्हेत, त्यावरून मोठे सिद्धांत मांडायला मी जाणार नाही. तरी ‘मी इतकी शिकलेली, इतकी समजूतदार, आणि फोन समोर आला की अशी कशी होते?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. समजूतदारपणा आणि तलफ वेगवेगळ्या खोल्यांत राहतात.

तलफेबद्दल दुसरी उपयोगाची गोष्ट ॲलन मार्लॅट या व्यसन-अभ्यासकाकडून आली. तलफ लाटेसारखी असते, असं ते सांगायचे. चढते, माथ्यावर येते, आणि तिला काही खाऊ घातलं नाही तर उतरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. आपण तिला उतरताना क्वचितच बघतो, कारण माथ्यावर असतानाच ‘पाठवा’चं बटण दाबलेलं असतं. मग आपल्याला वाटतं, मेसेज केला म्हणून शांत वाटलं.

हे वहीत कसं दिसतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पिंपळे सौदागरला राहणारा एक मुलगा यायचा. चाकणला नोकरी, आठ वर्षांचं नातं, तिने संपवलेलं. (त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दिवसातून पाच-सहा मेसेज करायचा. मी त्याला मेसेज बंद कर असं म्हटलंच नाही, तसं सांगून उपयोगही नव्हता. त्याला एक दोनशे पानी वही घ्यायला सांगितली आणि पाच रकाने आखायला लावले: वेळ, कुठे होतो, त्याच्या आधी काय झालं, तलफ दहापैकी किती, आणि वीस मिनिटांनी किती. एवढंच. इंजिनिअर असल्याने त्याला ते आवडलं.

बुधवारची नोंद अशी होती. रात्री ९.४०, खोलीवर. आईचा फोन झाला, स्थळ आलंय म्हणाली. तलफ ८. भांडी घासली. वीस मिनिटांनी ४. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहा, कंपनीची बस, नाशिक फाटा. ती पूर्वी इथे थांबायची. तलफ ७, बसमध्ये शेजारी माणूस होता म्हणून फोन काढला नाही, वीस मिनिटांनी ३. त्याच शुक्रवारी रात्री अकरा वाजता फक्त ५. ‘मेसेज करणार नाही, नुसतं लास्ट सीन बघतो’ म्हणून व्हॉट्सॲप उघडलं. ती ऑनलाइन होती. वीस मिनिटांनी ९. झोप दीड वाजता.

दोन आठवड्यांनी आम्ही ती वही समोर ठेवून बसलो तेव्हा दोन गोष्टी त्याने स्वतःच दाखवल्या. पहिली, की आठची तलफ न बघता घालवली तर ती चारवर येते, आणि पाचची तलफ ‘नुसतं बघून’ नऊवर जाते. त्याला आधी वाटायचं की बघणं म्हणजे मेसेज न करण्याची सौम्य सोय आहे, चहा सोडून कॉफी घ्यावी तशी. बघणं हीच पहिली टोचणी होती. डीपी बदललाय का, स्टोरी कुणाबरोबर आहे, रात्री दोनला जागी का होती. यातल्या एकाही गोष्टीला उत्तर नव्हतं आणि प्रत्येक गोष्टीतून नवा प्रश्न निघत होता.

दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून गेली. ‘त्याच्या आधी काय झालं’ या रकान्यात पहिल्या आठवड्यात ‘आठवण आली’ असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, असं नको, नेमकं लिही. मग पुढच्या पानांवर काय दिसायला लागलं? ‘मॅनेजरने मीटिंगमध्ये माझी कल्पना स्वतःची म्हणून सांगितली.’ ‘खालच्या काकांनी पार्किंगवरून नवी पाटी लावली, भयंकर विनोदी.’ ‘भेंडी जळली.’ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा त्याला प्रेम सांगायचं नव्हतं. दिवस सांगायचा होता. आठ वर्षं त्याचा दिवस एकाच पत्त्यावर जात होता. तो पत्ता बंद झाला, पण टपाल रोज जमतच होतं.

वर्षानुवर्षं चाललेल्या नात्यांचं हे वेगळं दुखणं आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माणूस जातो त्याचं दुःख सगळ्यांना कळतं. ऐकणारा कान गेला, हे आपल्यालाही उशिरा कळतं. त्या मुलाची थोरली बहीण सांगलीला असते. तिला त्याने सरळ सांगितलं, ‘ताई, मी तुला रोज फालतू व्हॉइस नोट पाठवणार, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ भेंडी तिथे जायला लागली. पाटीचा फोटो तिथे गेला. नेमकं तितकं हसू नाही आलं म्हणे, बहिणीला पार्किंगचे विनोद कळत नाहीत. पण साठलेलं वाहायला लागलं, आणि वहीतल्या ‘नुसतं बघतो’च्या नोंदीही हळूहळू कमी झाल्या. तुझ्याकडे अशी कोण आहे? ‘ब्लॉक कर’ म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी सल्ला सगळ्यांत कमी देणारी जी असेल, ती निवड.

तू वही करशील तर आज रात्रीपासून कर. साडेअकरा हा आकडा तू मला दिलास, पण मला खात्री आहे की साडेअकराच्या आधी काहीतरी घडतं. तुझी दिवसभराची गडबड संपते, फ्लॅटमधल्या मुली झोपतात, दिवा बंद होतो. पूर्वी या वेळी तुमचा फोन असायचा का? असला तर ही त्या फोनची वेळ आहे, आणि ती रिकामी ठेवली तर रोज भरायला येईल. लाट आली की फोन दुसऱ्या खोलीत ठेव, चार्जिंगला लाव. मग गादीवर पडून राहू नकोस, उभी राहा. नेमकं कुठे जाणवतंय ते बघ: घशात, छातीत, पोटात खड्डा? तो खड्डा मोठा होतोय की लहान? घड्याळ बघून वीस मिनिटं ओटा पूस, कपड्यांच्या घड्या घाल, सोसायटीत चकरा मार. तलफ घालवायचा प्रयत्न करू नकोस, तिच्याशी भांडायला गेलं की ती बसून राहते. ती उतरताना एकदा बघायची आहे. एकदा बघितली की दुसऱ्या रात्री तिच्यावर तेवढा विश्वास बसत नाही.

आता हेल्मेट. गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा.

मेसेज खराच कामाचा आहे की तलफेने कामाचे कपडे घातलेत, हे ओळखायला माझ्याकडे एकच कसोटी आहे. पाठवण्याआधी स्वतःला विचार: यावर नुसतं ‘ओके’ आलं तर मला चालेल का? गॅसवाल्याला ‘सिलिंडर उद्या आणा’ म्हटल्यावर ‘ओके’ आलं तर आपण सुखाने झोपतो. हेल्मेटच्या मेसेजवर ‘ओके’ आलं असतं, तर तू रडली असतीस. मग तो मेसेज हेल्मेटचा नव्हता.

पण हेल्मेट तर खरंच आहे, आणि ते तुझ्या खोलीत आहे तोवर दर आठवड्याला एक कारण शिल्लक राहील. म्हणून अशी सगळी कारणं एकदाच गोळा कर. त्याच्या वस्तू, तुझ्या त्याच्याकडे राहिलेल्या वस्तू, कुणाच्या कार्डवर चालू असलेली ओटीटीची वर्गणी, उसने पैसे, किल्ली. कागदावर लिही. मग एकच मेसेज, दिवसा, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये चार माणसांत बसून: ‘तुझं हेल्मेट, चार्जर आणि दोन पुस्तकं शनिवारी तुझ्या मित्राकडे देते. माझी किल्ली त्याच्याकडेच दे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ शेवटचं वाक्य त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. त्यानंतर उत्तराची वाट बघायचं कारण तू स्वतःच काढून घेतलेलं असतं. आणि वस्तू स्वतः नेऊन द्यायची नाही. ‘पाच मिनिटं भेटून देते’ या पाच मिनिटांचा नंतरचा हिशेब तीन-तीन दिवस चालतो.

त्याच्या आईशी तुझं सात वर्षांचं स्वतंत्र नातं असणार, तेही एका दिवसात पुसावं असं मी म्हणणार नाही. काकूंना तू दुपारी एक फोन करू शकतेस, गुडघ्याची चौकशी करायला. अट अशी, की त्याच्याबद्दल एक अक्षर विचारायचं नाही आणि त्यांनी काढलं तर ऐकत बसायचं नाही. हे जमणार नाही असं आत्ता वाचतानाच वाटलं, तर दोन महिने थांब. गुडघा तोवर चालायला लागेल.

ब्लॉकबद्दल माझं मत तुझ्या मैत्रिणींपेक्षा मऊ आहे. ज्या नात्यात मारहाण होती, धमक्या होत्या, पाळत होती, तिथे ब्लॉकच करावं, आणि त्याआधी जे काही आलंय त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत. तुझं तसं नाही. रडतरडत ब्लॉक करणारी बरीच माणसं रात्री अनब्लॉक करून बघतात, आणि मग तोच एक खेळ होऊन बसतो. मधला मार्ग आहे. त्याचं चॅट अर्काइव्ह कर म्हणजे वरच्या यादीत दिसणार नाही. मग व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Privacy, त्यात Last seen and online, तिथे My contacts except… निवडून त्याचं नाव टाक, आणि खालच्या online साठी Same as last seen ठेव. याने तुझं लास्ट सीन त्याला दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचं तुला दिसायचं बंद होतं. व्हॉट्सॲपचा तो नियमच आहे, तू दाखवत नाहीस तर बघायलाही मिळत नाही. त्याचं स्टेटस म्यूट कर, इन्स्टावर पोस्ट आणि स्टोरी म्यूट कर. त्याला काही कळत नाही, दार आपटल्यासारखं होत नाही, आणि टोचायचं बटण मात्र भिंतीआड जातं.

दोन चोरवाटा राहतात. गूगल फोटोज सकाळी उठल्याउठल्या ‘तीन वर्षांपूर्वी याच दिवशी’ म्हणून सिंहगडावरची भजी दाखवेल. त्याच्या मेमरीजच्या सेटिंगमध्ये माणसाचा चेहरा निवडून लपवता येतो, तो लपव. फोटो जातात कुठे नाहीत, फक्त न बोलावता यायचे थांबतात. दुसरी वाट ऐकून तुला हसू येईल: यूपीआयवरून एक रुपया पाठवायचा आणि खाली नोट लिहायची. सगळं बंद केल्यावर लोक तिथून बोलतात, मी पाहिलंय. आजवर सुचलं नसेल तर मी सुचवलं नाही असं समज.

मग मन मोकळं करणारं ते शेवटचं पत्र? ते लिही, पण व्हॉट्सॲपच्या चौकटीत नको. तिथे बोट पाठवायच्या बाणापासून एका पेरावर असतं. कागदावर, हाताने, नावाने सुरुवात करून. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांकडून असं लिहून घेतलं होतं, ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता. तसंच कर. लिहून झाल्यावर तासभर जड वाटतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नकोस. शनिवार-रविवार धरून चार संध्याकाळी पुरे. चौथ्या दिवशीही तेच वाक्य गोल गोल फिरतंय असं दिसलं, तर थांब. मग ते लिहिणं राहिलेलं नाही, जखमेची खपली काढणं झालंय.

चौथ्या दिवशी ते पत्र वाच आणि लाल पेनाने त्यातली प्रश्नचिन्हं मोज. मी अशी पुष्कळ ‘शेवटची’ पत्रं वाचली आहेत. ‘तू सुखी राहा, माझी काही तक्रार नाही’ अशी सुरुवात असते आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘एवढंच सांग, तुला कधीतरी वाटलं होतं का?’ असतं. एक प्रश्नचिन्ह असलं तरी ते पत्र शेवटचं नसतं. उत्तर आलं तर पुढचं पत्र लिहावं लागतं, नाही आलं तर ‘का नाही आलं’चं. तुझी सुटका कधी व्हायची ते त्याच्या टायपिंगवर ठरणार, हे तुला कसं परवडेल? शिवाय त्याने जे सांगायचं ते पुलावर सांगितलंय. ‘लग्नापर्यंत जाता येत नाही’ हे अपुरं वाटतं, मला मान्य आहे. याहून खोल कारण त्याला स्वतःलाही माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे. पुन्हा पुन्हा विचारलंस तर तो काहीतरी शोधून देईल, आणि ते तू वर्षभर उराशी घेऊन बसशील.

गुरुवारची तयारी बुधवारी करायची. बुधवारी रात्री कर्वेनगरच्या खोलीत एकटी राहू नकोस. मैत्रिणीकडे झोपायला जा, तिला खरं कारण सांग, दहा वाजता फोन तिच्या हवाली कर. बाराचा ठोका हाच धोक्याचा. सात वर्षं तू पहिली असणार. सकाळी लवकर वेताळ टेकडीवर जा किंवा सरळ ऑफिसची पहिली बस पकड. फोन हातात येईल तेव्हा त्याच्या मित्रांच्या स्टोऱ्यांमध्ये केक दिसेल, म्हणून त्या दिवशी इन्स्टा फोनवरून काढूनच टाक, शुक्रवारी परत घाल. तुझ्या शुभेच्छा नाहीत हे त्याच्या लक्षात येईल का? येईल. वाईट वाटेल का? कदाचित. एका नात्याच्या शेवटाचं त्याच्या वाट्याचं वाईट वाटणं त्यालाही यायला हवं, ते तू पुसायला जाऊ नकोस.

आणि त्याचाच मेसेज आला तर? ‘विसरलीस?’ किंवा आणखी वाईट, ‘मिस यू’. रात्री उत्तर द्यायचं नाही, एवढा एकच नियम. दुसऱ्या दिवशी, उजेडात, ती कमी सल्ला देणारी मैत्रीण शेजारी असताना: ‘वाचलं. मला काही महिने बोलणं बंद ठेवायचंय. तूही लिहू नकोस.’ त्याला खरोखर परत यायचं असेल, तर ‘मिस यू’ एवढ्यावर तो थांबणार नाही; लग्नाबद्दल काय बदललं ते सांगायला दिवसाढवळ्या येईल. रात्री बाराचं ‘मिस यू’ ही त्याची तलफ असते. तीही वीस मिनिटांत उतरते.

एखाद्या रात्री तुझ्याकडून मेसेज जाईल, हे धरून चाल. गेला तर तो डिलीट करायच्या फंदात पडू नकोस. ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी त्याच्याकडे राहते आणि त्या पाटीपायी तू रात्रभर जागशील. पहिला मेसेज का केला हे समजावणारा दुसरा मेसेज करायचा नाही. नुकसान बहुतेक त्या दुसऱ्यात असतं. वहीत एक ओळ लिही: किती वाजता, आधी काय झालं, तलफ किती. ११ दिवस काढून बाराव्या दिवशी घसरलीस तर ते ११ दिवस वाया जात नाहीत, पण ओळीने तीन रात्री गेलं तर त्या वेळेची व्यवस्था बदलायला हवी; फोन रात्री मैत्रिणीच्या खोलीत.

झोप आणि जेवण यांच्याकडे लक्ष दे. वरणभात, दही, काहीही, पण वेळेवर. उपाशीपोटी तलफ दोन आकड्यांनी चढते, हे त्या मुलाच्या वहीतही दिसलं होतं. पहिले काही आठवडे रडू येणं, कामात चुका होणं, एफसी रोडवरून जायला नको वाटणं यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र सलग दोन आठवडे झोप किंवा अन्न जवळपास बंद झालं, ऑफिसला जाणं थांबलं, किंवा ‘मी नसले तर बरं’ असा विचार एकदाही ठाण मांडून बसला, तर वही आणि माझा सल्ला दोन्ही बाजूला ठेव. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे.

एवढं सगळं आज करायचं नाही. आज फक्त हेल्मेट एका पिशवीत घाल, पिशवीला गाठ मार आणि ती चपलांच्या रॅकजवळ ठेव. शनिवारी बाहेर पडताना हाताशी लागेल.